आईच्या गाठीच्या रिपोर्टमधला 'व्हीयूएस': औषध ठरवताना आणि घरच्यांच्या तपासणीत त्याला किती वजन द्यायचं?

प्रश्न: आईला (वय ५८, तंबाखू-सिगारेट कधीच नाही) फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा आहे, चौथी स्टेज. गाठीच्या तुकड्यावर एनजीएस पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणारी चाचणी, केलं. पहिल्या पानावर ईजीएफआर जनुकातलं एक्झॉन १९ डिलीशन, ३१%. शेवटच्या पानावर 'व्हीयूएस', म्हणजे अर्थ अजून ठाऊक नसलेले बदल, म्हणून दोन जनुकांची नावं: बीआरसीए-२, ४९%, पुढे 'प्रॉबेबली डॅमेजिंग', आणि एआरआयडी-१ए, ३%. ट्यूमर कंटेंट ६०%. डॉक्टरांनी ओसिमर्टिनिब सुरू केलं आणि शेवटचं पान सोडून द्या म्हणाले. पण बीआरसीए तर ईजीएफआरपेक्षाही जास्त टक्के आहे! मग बीआरसीएच्या बिघाडावर देतात ते ओलापॅरिब का नाही? आणि मी व माझ्या बहिणीने तपासणी करून घ्यावी का?

उत्तर:

मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट वाचून त्यावर सही करणं आणि ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, बसून त्यांचा अर्थ सांगणं, हे माझं रोजचं काम. तुमच्या डॉक्टरांचा औषधाचा निर्णय बरोबर आहे. मात्र 'सोडून द्या' एवढं सांगून त्यांनी तुम्हाला अर्ध्यावर ठेवलं. त्या शेवटच्या पानावर आम्ही नेमकं काय बघतो आणि मग ते बाजूला का ठेवतो, हे तुम्हाला कळायला हवं.

सुरुवात त्या टक्क्यांपासून करतो, कारण गैरसमज तिथेच झाला आहे. ३१% किंवा ४९% हे त्या बदलाचं बळ नाही, धोकाही नाही. जनुकाचा तो भाग यंत्राने शेकडो वेळा वाचला, त्यांपैकी किती वाचनांत बदललेलं अक्षर दिसलं, एवढंच तो आकडा सांगतो. आता हिशेब करू. तुकड्यातल्या शंभर पेशींपैकी ६० कॅन्सरच्या आणि ४० आजूबाजूच्या निरोगी. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २०० प्रती. कॅन्सरच्या प्रत्येक पेशीत एका प्रतीत बदल झाला असेल, तर बदललेल्या प्रती ६०. साठ भागिले दोनशे, म्हणजे ३०%. तुमच्या आईचा ईजीएफआर ३१% आहे. गाठीत निर्माण झालेला आणि गाठीच्या सगळ्या पेशींत असलेला बदल असाच दिसतो.

आता बीआरसीए-२ चे ४९% बघा. गाठीत झालेला साधा बदल ३०% च्या आसपास असायला हवा होता. ४९% यायचे तर तो बदल निरोगी पेशींतही असला पाहिजे, म्हणजे दोनशेपैकी शंभर प्रती. याचा अर्थ तो बहुधा आईला जन्मतःच मिळालेला आहे, शरीरातल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि गाठीशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही. आकडा मोठा आहे तो याच कारणाने. आपल्या प्रत्येकात असे हजारो जन्मजात फरक असतात. पॅनेल फक्त गाठीच्या तुकड्यावर केलं, शेजारी रक्ताचा नमुना तपासला नाही, की आईचे स्वतःचे फरकही गाठीच्या यादीत येऊन बसतात. आपल्याकडच्या बहुतेक पॅनेलमध्ये रक्ताची जोड नसते. त्यामुळे शेवटच्या पानावरची अशी नावं पुष्कळदा आईवडिलांकडून आलेली असतात.

त्याच आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ओलापॅरिबच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. बीआरसीए-२ जनुक डीएनएची दुरुस्ती करतं. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. ओलापॅरिबसारखी औषधं गाठीवर चालतात ती दुसरी प्रतही गेली आणि पेशीची दुरुस्ती बंद पडली तर. आईच्या गाठीत दुसरी प्रत गळून पडली असती, तर साठ पेशींत एकच, बिघडलेली प्रत उरली असती. मग एकूण प्रती १४० आणि त्यांत बदललेल्या १००, म्हणजे साधारण ७१%. पेशीने बिघडलेल्याच प्रतीची नक्कल करून जागा भरली असती, तर आकडा ८०% कडे गेला असता. तुमच्या रिपोर्टमध्ये ४९% आहे. म्हणजे चांगली प्रत गाठीतही जागेवर आहे आणि बीआरसीए-२ मध्ये दुसरा कुठला बदलही सापडलेला नाही. बदल खरोखर घातक निघाला, तरी ही गाठ त्याच्यावर चालते आहे असं या आकड्यांवरून दिसत नाही. शिवाय फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए बदलावर ओलापॅरिब देणं ही प्रस्थापित उपचारपद्धती नाही. ईजीएफआरच्या त्या डिलीशनवर मात्र ओसिमर्टिनिबचा भक्कम पुरावा आहे. त्याच्या मोठ्या चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १८.९ महिने होता, तर आधीच्या पिढीतल्या गोळ्यांवर १०.२ महिने. हे औषध चालू असताना जोडीला ओलापॅरिब देऊन आईचं हिमोग्लोबिन खाली आणायला माझ्याकडे काहीही कारण नाही.

आता 'प्रॉबेबली डॅमेजिंग'. हे शब्द वाचून रडवेली झालेली माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत, म्हणून यावर थोडा वेळ घेतो. ते डॉक्टरचं मत नाही, एका संगणकीय सूत्राने दिलेला शिक्का आहे. प्रथिनातल्या त्या जागी माणसापासून माशापर्यंत कोणतं अमिनो आम्ल टिकून राहिलं आहे आणि नवं आम्ल त्याच्यापेक्षा किती वेगळं आहे, एवढं बघून सूत्र अंदाज बांधतं. बीआरसीए-२ चं प्रथिन ३,४१८ अमिनो आम्लांचं आहे. त्यात जिथे एका आम्लाच्या जागी दुसरं येतं त्यांतले बहुसंख्य बदल निरुपद्रवी असतात. घातक निघणारे मुख्यतः ठरावीक भागांत, विशेषतः डीएनएला चिकटणाऱ्या भागात सापडतात. वर्गीकरणाच्या नियमांत संगणकाच्या अंदाजाला आधार म्हणून सर्वांत हलकं वजन आहे. एकट्या त्याच्या जोरावर कुठलाही बदल घातक ठरत नाही. माझं मत विचाराल तर हे शब्द रुग्णाच्या हातात जाणाऱ्या रिपोर्टवर छापूच नयेत.

मग व्हीयूएस म्हणजे काय? गाठीतल्या बदलांची २०१७ साली अमेरिकेतल्या एएमपी, एएससीओ आणि सीएपी या तीन संघटनांनी चार पायऱ्यांत मांडणी केली. पहिल्या पायरीवर उपचाराशी पक्का संबंध असलेले, दुसरीवर संभाव्य संबंधाचे, तिसरीवर अर्थ ठाऊक नसलेले आणि चौथीवर निरुपद्रवी. लोकांना वाटतं तिसरी पायरी म्हणजे 'थोडा धोका', जणू साखर काठावर आहे तसं. तसं मुळीच नाही. या पायरीवरचा बदल एकतर घातक आहे किंवा निरुपद्रवी. कुठला ते ठरवण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुरावा का जमलेला नाही, याचं एक कारण आपल्या मातीतलं आहे. एखादा बदल निरुपद्रवी आहे हे ओळखायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो कितीतरी धडधाकट लोकांत सापडतो हे दाखवणं. त्यासाठी जगभर नोमॅड नावाचा साठा वापरतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीत आठ लाखांहून अधिक लोकांची माहिती आहे, पण त्यांत दक्षिण आशियाई सुमारे ४५ हजारच. त्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेली. एखाद्या समाजात अगदी सर्रास असलेला फरक शेजारच्या समाजात नसतो आणि जागतिक साठ्यात तर 'अतिदुर्मीळ' दिसतो. सीएसआयआरच्या इंडीजीनोम्स प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे जीनोम वाचले, तेव्हा मिळालेल्या फरकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जागतिक साठ्यांत नव्हतेच. म्हणून मराठी घरातला रिपोर्ट वाचताना 'दुर्मीळ' या शब्दावर मी चटकन विश्वास ठेवत नाही. आधी भारतीय साठे उघडतो, मग आमच्याच लॅबमधल्या जुन्या केसेस चाळतो. तोच बदल आमच्याकडे वेगवेगळे कॅन्सर असलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या आठ-दहा जणांत आधीच येऊन गेला असेल, तर माझी काळजी बरीच उतरते.

एआरआयडी-१ए च्या ३% वर फार वेळ घालवत नाही, पण तो वेगळ्या जातीचा आहे. त्याच्याबाबत पहिला प्रश्न असतो, तो मुळात खरा आहे का? तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवला की डीएनएतल्या 'सी' अक्षराची मोडतोड होते आणि यंत्र त्याला 'टी' वाचतं. रिपोर्टवर त्या बदलाच्या नावाच्या शेवटी C>T किंवा G>A असेल आणि टक्केवारी पाचच्या खाली असेल, तर मला आधी फॉर्मलिनचाच संशय येतो. तुकडा फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास असावा असा दंडक आहे. शुक्रवारी काढलेला तुकडा जोडून आलेल्या सुट्ट्यांत तसाच पडून राहिला की अशा खोट्या अक्षरांचा पाऊस पडतो. खात्री करायची असेल तर त्याच ब्लॉकमधून, म्हणजे तुकडा मेणात बसवून ठेवतात त्या ठोकळ्यातून, पुन्हा डीएनए काढून वाचायचं. खोटा बदल सहसा त्याच जागी परत दिसत नाही. आईच्या बाबतीत मी तेवढेही कष्ट घेणार नाही. ६०% कॅन्सरपेशी असलेल्या तुकड्यात ३% म्हणजे खरा असला तरी गाठीच्या छोट्या कोपऱ्यातला, आणि त्याच्यावर आज द्यायला औषध नाही.

शेवटचं पान नेहमीच बाजूला ठेवायचं असतं असा याचा अर्थ काढू नका. ज्याच्यामागे आम्ही धावलो असा एक व्हीयूएस सांगतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ७१ वर्षांचे निवृत्त शिक्षक, फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. बाहेरून आलेल्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'उपचारयोग्य बदल नाही'. शेवटच्या पानावर दोन व्हीयूएस: एक बीआरसीए-२ मधला, ४८%, दुसरा मेट नावाच्या जनुकातला, १७%. ट्यूमर कंटेंट ३५%. मुलाने फोनवर विचारलं ते अर्थातच बीआरसीएबद्दल, कारण नाव ऐकलेलं. माझी नजर मात्र मेटवर अडकली.

कारण त्याची जागा. जनुकाचा मजकूर तुकड्यांत लिहिलेला असतो, त्यांना एक्झॉन म्हणतात. पेशी मधला मजकूर कापून टाकते आणि एक्झॉन एकमेकांना जोडते. कुठे कापायचं याच्या खुणा एक्झॉनच्या कडेला असतात. हा बदल मेटच्या १४ व्या एक्झॉनच्या शेवटानंतर तिसऱ्या अक्षरावर होता. तिथलं अक्षर बदलल्याने प्रथिनातलं आम्ल बदलत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला त्यात विशेष काही दिसलं नाही आणि त्याने तो तिसऱ्या पायरीत टाकला. पण कापायची खूणच पुसली गेली असेल, तर अख्खा १४ वा एक्झॉन गळतो. त्यात १४१ अक्षरं आहेत, तिनाने भाग जाणारी. त्यामुळे बाकीचं वाक्य न बिघडता प्रथिन ४७ आम्लांनी आखूड होऊन तयार होतं. आणि नेमक्या त्याच ४७ आम्लांत 'माझं काम झालं, मला मोडीत काढा' हा संदेश असतो. तो गेला की मेटचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर साचत राहतं आणि वाढीचा हुकूम देत राहतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा एक खरा चालक, म्हणजे गाठीला वाढवत ठेवणारा बदल, आहे, विशेषतः वयस्कर रुग्णांत, आणि त्याच्यावर कॅपमॅटिनिब, टेपोटिनिब ही औषधं आहेत.

इथे तीन गोष्टी जुळत होत्या. दुसरा कुठलाही चालक सापडला नव्हता; असे चालक एकाच गाठीत सहसा दोन नसतात. टक्केवारी हिशेबात बसत होती: ३५ चे निम्मे साडेसतरा, आणि रिपोर्टमध्ये १७. म्हणजे गाठीत झालेला आणि गाठभर पसरलेला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, शंकेचं उत्तर देणारी चाचणी हाताशी होती. एक्झॉन खरोखर गळतो का हे डीएनएवरून सांगता येत नाही, पण आरएनए हा पेशीने कापून-जोडून तयार केलेला मजकूर असतो; त्यात ते सरळ दिसतं. ब्लॉकमध्ये जेमतेम पाच-सहा काप निघतील एवढा ऊतक उरला होता. फॉर्मलिनमधल्या तुकड्यात आरएनए डीएनएपेक्षाही लवकर खराब होतं, त्यामुळे चाचणी फसण्याची शक्यता होती, आणि फसली तर पुन्हा सुई घालावी लागेल हे घरच्यांना आधीच सांगितलं. निकाल आला तेव्हा १३ वा एक्झॉन थेट १५ व्याला जोडलेली शेकडो वाचनं समोर होती. आता अर्थ अनिश्चित राहिलाच नव्हता. बदल तिसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर गेला आणि सरांना कॅपमॅटिनिब सुरू झालं. पायांना सूज आली, या औषधाने येतेच. डोस कमी करावा लागला. पण पहिल्याच स्कॅनमध्ये गाठ निम्म्यावर आली होती आणि पुढे वर्षाहून अधिक काळ ते स्वतः चालत ओपीडीत येत होते. त्यांच्या बीआरसीए-२ चा बदल रक्तातही सापडला, म्हणजे जन्मजात निघाला, आणि अजून व्हीयूएसच आहे.

ट्यूमर बोर्डात प्रत्येक व्हीयूएसपुढे मी हाच प्रश्न ठेवतो. हा खरा ठरला तर उपचार बदलेल का, आणि तो खरा ठरवणारी चाचणी आज करता येते का? सरांच्या मेटला दोन्ही उत्तरं 'हो' होती. तुमच्या आईच्या बीआरसीए-२ ला, औषधापुरतं, दोन्ही 'नाही'. आणि समजा आईच्या रिपोर्टमध्ये मेटचा तोच बदल असता, तरी ईजीएफआरसारखा पक्का चालक समोर असताना मी सुरुवातीलाच त्याच्यामागे धावलो नसतो.

आता तुम्ही आणि तुमची बहीण. या बदलासाठी तुम्ही दोघींनी तपासणी करू नका. तो आईला जन्मजात असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता प्रत्येकीची निम्मी. पण 'आहे' असं कळलं तरी कुणी काय सांगणार? घातक आहे की नाही हेच माहीत नाही, तर असल्याने धोका वाढला असं म्हणता येत नाही आणि नसल्याने सुटका झाली असंही म्हणता येत नाही. ही माझी एकट्याची भूमिका नाही. व्हीयूएससाठी घरच्यांची तपासणी करून त्यावर निर्णय घेऊ नये हे जगभरच्या अनुवंशतज्ज्ञांचं ठरलेलं मत आहे. इतकं ठामपणे सांगण्यामागे एक जखम आहे. चाळिशीतली एक बाई माझ्याकडे आली ती अंडाशय काढून टाकल्यानंतर. आधीच्या ठिकाणी तिला तिच्या व्हीयूएसबद्दल 'बीआरसीए पॉझिटिव्ह आहे' असं सांगितलं गेलं होतं. दोन वर्षांनी तो बदल निरुपद्रवी म्हणून नोंदला गेला. अकाली आलेली रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज तिला परत करता आली नाही.

मात्र एक काम नक्की करा. तीन पिढ्यांची नोंद कागदावर काढा. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही बाजूंनी: आजी, मावश्या, आत्या, मामा, काका, कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा, स्वादुपिंडाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झाला का आणि कितव्या वर्षी. कमी वयातला स्तनाचा किंवा कुठल्याही वयातला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तर ते कारण या व्हीयूएसपेक्षा मोठं आहे. मग त्या नात्यातल्या रुग्ण व्यक्तीचं, आणि ती हयात नसेल तर तुमच्या आईचं, रक्तावरचं पूर्ण अनुवंशिक पॅनेल करून घ्या, अनुवंशतज्ज्ञाच्या सल्ल्याने. गाठीवरचं पॅनेल त्याची जागा घेत नाही, कारण जनुकाचा मोठा तुकडा गहाळ झालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर गाठीवरच्या कित्येक पॅनेलमध्ये तो निसटतो. घराण्यात असं काहीच नसेल, तर तुम्हा दोघींना तुमच्या वयाला इतर सगळ्या बायकांना सांगतात तीच तपासणी पुरे.

वर्गीकरण पुढे बदलू शकतं. जन्मजात व्हीयूएसचं पुनर्वर्गीकरण होतं तेव्हा ते कुठल्या दिशेला जातं, याचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये जामा या नियतकालिकात आला होता. ज्यांचा निकाल बदलला त्यांपैकी ९१% निरुपद्रवीच्या बाजूला गेले. बीआरसीए-२ बाबत तर आता हा वेग वाढेल, कारण २०२५ मध्ये संशोधकांनी या जनुकाच्या डीएनएला चिकटणाऱ्या भागातले जवळपास सात हजार एकाक्षरी बदल प्रयोगशाळेत एकेक करून पेशींत घडवले आणि कुठले पेशीचं काम थांबवतात ते मोजलं. आईचा बदल त्या भागात येत असेल, तर त्याचं उत्तर कदाचित आधीच प्रसिद्ध झालेलं असेल. लॅबला ई-मेल करून एवढंच विचारा: या बदलाची क्लिनव्हार या जनुकीय बदलांच्या खुल्या साठ्यातली आजची नोंद काय आहे, आणि वर्गीकरण बदललं तर तुम्ही आपणहून कळवता का? बऱ्याच लॅब कळवत नाहीत. म्हणून दर वर्षी एकदा तुम्हीच विचारत राहा. उत्तर 'घातक' असं आलं, तरच आईचं रक्त तपासून खात्री करायची आणि मग तुमच्या दोघींच्या तपासणीचा विषय काढायचा.

रिपोर्टची पूर्ण पीडीएफ, शेवटच्या पानासकट, जपून ठेवा, आणि पॅराफिन ब्लॉक कुठे ठेवलाय तेही लिहून ठेवा. ओसिमर्टिनिब पुढे कधीतरी काम करेनासं होईल तेव्हा गाठ कशी निसटली हे बघायला पुन्हा पॅनेल करावं लागेल, आणि त्या वेळी मेट जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का हे मुद्दाम विचारा. नवा रिपोर्ट हातात आला की दोन्ही शेवटची पानं शेजारी ठेवा. एआरआयडी-१ए बहुधा गायब झालेला असेल. बीआरसीए-२ पुन्हा पन्नासच्या आसपास दिसला तर घाबरू नका. जन्मजात फरक प्रत्येक नमुन्यात तिथेच राहतो. तो सत्तरीत गेलेला दिसला, तर मात्र ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ट्यूमर बोर्डात ठेवायला सांगा.